कूलरच्या खिडकीतला पाऊस

आमच्या घरात कडक ऊन येणारी खिडकी एकच. पश्चिमेची, पुढच्या खोलीतली. सीपरी बाज़ारातल्या या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो तेव्हाच ह्यांनी तिच्याबाहेर लोखंडी स्टँड ठोकून घेतलं होतं. होळी झाली की गच्चीवरून कूलर उतरायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या बसायच्या आणि पावसाळ्यापर्यंत ती खिडकी कूलरची. झाशीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे उन्हाळ्यात पाहुणा आला तर आधी त्याला कूलरसमोर बसवतात, मग नाव विचारतात.

त्या वर्षी मी ती खिडकी पिशवीला दिली.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पासष्टीची. हसू नका, आता मागे वळून बघते तर ती बाई मला पोरच वाटते. नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी अंगातली मास्तरीण सुटली नव्हती. चार वाजले की इमारतीतली पहिली-दुसरीची पोरं माझ्याकडे यायची. त्यांच्या आया म्हणायच्या, ‘आंटीजी, थोड़ा पढ़ा दीजिए.’ त्याचा खरा अर्थ, आम्हाला तासभर पडू द्या. मला मात्र वाटायचं की माझ्यावाचून यांचं शिक्षण अडलंय.

शाळेत असताना जलचक्र मी तक्त्यावरून शिकवलं. तक्त्यात समुद्र होता, नारळाची झाडं होती, हिरवा डोंगर होता आणि वर-खाली जाणारे बाण होते. समोरच्या पोरांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलेलं पाणी म्हणजे बादलीतलं. पण मी छडी बाणावर ठेवून विचारायची, ‘भाप ऊपर जाती है, फिर क्या होता है?’ आणि सगळा वर्ग ओरडायचा, ‘बादल.’ मी खूश. अशा थाटात मी इतकी वर्षं काढली आणि निरोपाला शालही घेतली.

तर त्या वर्षी माझ्या भाचीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. झिपची प्लॅस्टिकची पिशवी, तळाशी थोडं पाणी, पिशवी घट्ट बंद, उन्हाच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलेली. आत पाण्याची वाफ होते, प्लॅस्टिकवर थेंब धरतात, थेंब जड झाले की ओघळून परत खाली. रोज मुलांनी बघायचं आणि चित्र काढायचं. मला वाटलं, हाय रे देवा, हे मला चाळीस वर्षं आधी कोणी का नाही दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले.

पाणी दिसावं म्हणून त्यात नीळ टाकली, कपड्यांचीच. पिशवीवर काळ्या पेनाने वर सूर्य काढला, ढग काढला, आणि सूर्याला डोळे-नाक-ओठ काढले. पाण्याच्या पातळीशी एक रेघ मारली. खाकी टेपने काचेवर लावली. तासाभरात टेपने मान टाकली, पिशवी खाली पडली, झिप उघडली आणि जलचक्र फरशीवरून दाराकडे गेलं. हे कॉटवर पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, ‘पाऊस लवकर आला यंदा.’

मग उठून त्यांनीच आपल्या खोक्यातून वायरींना लावायची काळी टेप काढून दिली. रेल्वेत वीजखात्यात होते, घरात दुसरं काही असो नसो, ती टेप असायची. तिने पिशवी टिकली.

आता मुद्द्याचं. त्या हिवाळ्यात हे छातीच्या दुखण्याने आडवे झाले होते. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, गर्मी से बचाइए. होळी होऊन गेली होती. पिशवी लागल्यावर दोन-तीन दिवसांनी ह्यांनी विचारलं, ‘अगं, कूलर कधी उतरवायचा?’

मी म्हटलं, ‘अहो, कूलर लागला की काच झाकली जाईल. पोरांचं अर्धवट राहील. थोडं थांबा.’

‘मागच्या खोलीच्या खिडकीत बसव.’

‘ती एवढीशी. तिला स्टँड नाही. कोण ठोकणार?’

‘बरं,’ म्हणाले.

बस. एवढंच झालं. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही आणि मीही नाही. आमच्या घरात भांडण म्हणजे मी बोलायचं आणि ह्यांनी ‘बरं’ म्हणायचं. तो ‘बरं’ मी आयुष्यभर होकार म्हणून वापरला. त्या शब्दात आणखी काय काय असू शकतं हे तपासायची मला कधी गरज वाटली नाही. पोरांना मात्र रोज सांगायची, नीट निरखून बघा.

पोरं निरखायची खरी. दुपारी काच उन्हाने तापायची, हात लागला तर चटका. पिशवीची काचेकडची बाजू गरम, खोलीकडची त्या मानाने गार. म्हणून थेंब खोलीकडच्या बाजूला धरायचे. आधी नुसता धूर बसल्यासारखं, मग मोहरीएवढे, मग एकमेकांत मिसळून साबुदाण्याएवढे. मग एखादा सुटायचा आणि वाटेतल्यांना घेऊन खाली धावायचा. पोरं त्यावर पैजा लावायची, कोणाचा थेंब आधी पोचतो. सकाळी पाणी पुन्हा रेघेवर.

‘दादी, हमारे कूलर में तो रोज़ पानी भरना पड़ता है,’ एकाने विचारलं. ‘इसमें क्यों नहीं?’

‘तुमचा कूलर उघडा आहे रे. त्यातलं पाणी हवेत जातं ते गेलं. हे कुठे जाणार? तोंड बंद.’

‘आपका कूलर क्यों नहीं लगा?’

‘चित्र काढ,’ मी म्हटलं.

त्या पोरांत एक मुलगी होती, खालच्या मजल्यावरच्या रेल्वेवाल्यांची. भुसावळकडचं कुटुंब. घरात आईबाप मराठी बोलायचे, ही सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. बोलायचीही कमीच. पण तिची नजर. बाकीच्यांनी थेंब निळे रंगवले, पाणी निळं म्हणजे थेंबही निळेच. हिने थेंबांचे नुसते गोल काढले, आत कोरे.

‘रंग राहिला तुझा,’ मी म्हटलं.

ती पिशवीपाशी गेली आणि बोट लावलं. ‘दादी, ये तो सफ़ेद हैं.’

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच की. नीळ खालीच राहिली होती, वर गेलं होतं ते नुसतं पाणी. वाफ आपला रंग, मळ, मीठ सगळं मागे ठेवून जाते, हे मी हजारदा फळ्यावर लिहिलं असेल, पण समोर लटकत असताना मला दिसलं नाही. मी तिचं चित्र सगळ्यांना दाखवलं. कौतुक केलं. अगदी पाठ थोपटली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी काय केलं ते ऐका.

पोरं शाळेत असायची तेव्हा पिशवीत काय होतं, हे त्यांना कळायला हवं होतं. म्हणून त्यांनीच ह्यांना चौकीदार नेमलं. पोरं वर आली की पहिला प्रश्न, ‘दादाजी, आज कब आया पसीना?’ आणि हे गंभीरपणे सांगायचे, ‘जेवण झालं, मी हात धुतले, तेव्हा धूर आला. पेपरचं शेवटचं पान होईतो थेंब.’ त्यासाठी ह्यांनी आपली वेताची खुर्ची खिडकीपाशी ओढली होती. दुपारभर तिथे बसायचे, बनियनवर, शेजारी माठातल्या पाण्याचा गडू. मी म्हणायची, ‘अहो, आत या, मागच्या खोलीत फरशी गार आहे.’ ते म्हणायचे, ‘ड्यूटी आहे.’ मी हसून आत जाऊन पडायची. मला झोपही छान लागायची. तेव्हाची मी, म्हणजे काय सांगू, ज्या बाईच्या नवऱ्याला गर्मीपासून जपायला सांगितलंय ती बाई पंख्याखाली घोरत होती आणि वर समजत होती की माणूस रमलाय.

मग त्या मुलीच्या चित्रात चंद्र आला.

कागदावर पिशवी काढलेली, पाणी, रेघ, कोरे थेंब. आणि मधोमध, जरा डावीकडे, दाट थेंबांचा एक गोल.

‘हे काय?’

‘चाँद.’

‘पिशवीत चंद्र कुठून आला?’

‘था, दादी.’

मी पिशवीकडे पाहिलं. थेंब होते, ओघळ होते, चंद्र नव्हता. ‘जे दिसतं तेच काढायचं. मनाचं नाही.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा चंद्र. त्याच जागी. मी खोडरबर तिच्यापुढे ठेवलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि शेजारच्या मुलाला दिलं. हे खुर्चीतून म्हणाले, ‘अगं, असेल. तू उशिरा येतेस बाहेर.’

‘तुम्ही गप्प बसा. तुम्हाला दिसला?’

‘मी चौकीदार. मला काय कळतंय जलचक्रातलं.’ आणि पेपर वर केला. पेपरच्या मागे हे हसत होते, हे मला आज कळतं.

महिना संपत आला तसं मला सुचलं की आयांना बोलवावं, चित्रं मांडावीत. पुढच्या खोलीत दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं लावली. अर्थात निवडून. सूर्य, बाण, बरोबर जागी थेंब. चंद्राची सगळी चित्रं मी नीट जुळवून त्या मुलीला परत दिली. ‘ही घरी ठेव हं,’ म्हटलं. गोड आवाजात. तिची एकच दोरीवर लावली, कोऱ्या थेंबांची, चंद्राच्या आधीची. आया आल्या, ‘कितना सुंदर’ म्हणाल्या, सरबत प्यायल्या, पदराने वारा घेत लवकर उठल्या. जाताना एक म्हणाली, ‘आंटीजी, अंकलजी को कूलर बिना कैसे रखती हैं आप?’ मी म्हटलं, ‘बस, लगवा ही रहे हैं.’

त्यानंतरच्या एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि मी जागी झाले. घामाने उशी ओली. तोंड धुवावं म्हणून बाहेर आले तर पुढच्या खोलीत हे.

खुर्चीत पुढे झुकलेले. कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवलेलं आणि हातातला गडू पिशवीला लावून धरलेला. माठातलं गार पाणी भरलेला, त्याचं गोल पोट प्लॅस्टिकला टेकलेलं. बनियन पाठीला चिकटलेलं. चेहरा तांब्यासारखा लाल. मानेवरून घाम ओघळत होता, पण हात हलत नव्हता. मी ‘अहो’ म्हणणार तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. ह्यांनी गडू हळूच काढला. आणि पिशवीवर, मधोमध, जरा डावीकडे, चंद्र होता. जिथे गार गडू टेकला होता तिथे वाफेने धाव घेतलेली, थेंबांची दाट गोल चकती.

मुलगी दारात आली, बाकीच्या पोरांच्या आधी. मला पाहून थबकली.

‘आज जल्दी उठ गईं दादी,’ ती म्हणाली. ह्यांना, मला नाही.

‘हां,’ हे म्हणाले. ‘पकडे गए.’

मी पिशवीजवळ गेले. बघता बघता चंद्राचा खालचा काठ सुटला, एक थेंब दुसऱ्याला घेऊन ओघळला. बाकीची पोरं जिना चढून येईपर्यंत त्याचा नुसता ओला डाग उरला. आणि मी रोज पोरांच्या मागून, चहाचं आधण उतरवून यायची.

‘कधीपासून चाललंय?’ मी विचारलं.

‘पहिल्यांदा चुकून लागला गडू,’ हे म्हणाले. ‘हिने काढला चित्रात. म्हटलं, मास्तरीणबाईंना सापडतो का बघू.’

‘आणि मी हिला रागावत होते तेव्हा?’

‘तेव्हा वाटलं होतं सांगावं. पण हीच म्हणाली, मत बताइए.’

मुलगी कागदावर वाकली होती. वर न बघता म्हणाली, ‘दादी को ख़ुद दिखना चाहिए था.’

मला तेव्हा राग आला, खरं सांगते. दोघांचा. चांगली दोन मिनिटं. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या महिन्यात पहिल्यांदा. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, आणि ते हसत होते. हात लावला तर खांदा त्या काचेसारखा तापलेला.

संध्याकाळीच मी खालून दोन मुलगे आणि एक फिटर बोलावला. मागच्या खोलीच्या एवढ्याशा खिडकीला विटा, फळ्या आणि पुठ्ठे लावून कूलर बसला. तासाभराचं काम. तासाभराचं. ज्यासाठी ‘कोण ठोकणार’ म्हणून मी हात वर केले होते ते.

वाळ्याचा गार वास पुढच्या खोलीपर्यंत आला. आणि त्याने काय केलं बघा. दुसऱ्या दुपारी खोली गार झाली तशी पिशवीची खोलीकडची बाजूही गार झाली. काच तशीच तापलेली. मग काय, थेंबच थेंब. सगळी पिशवी भरून, वाटाण्याएवढे, धो धो ओघळायला लागले. म्हणजे मागच्या खिडकीतल्या कूलरने पोरांचं काहीच अडणार नव्हतं, उलट पाऊस वाढणार होता. मी बाण शिकवणारी बाई, माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मला काच झाकली जाईल एवढंच दिसत होतं.

पोरं नाचली. ती मुलगी तेवढी खूश नव्हती. चकती आता उठून दिसेना, चहूकडे तसेच थेंब. ‘चाँद डूब गया,’ म्हणाली.

ह्यांना मी मागच्या खोलीत, कूलरसमोर, पलंगावर झोपवलं. चादर घातली. पाव तासाने जाऊन पाहिलं तर पलंग रिकामा, कूलर कोणासाठी फिरतोय कोण जाणे. हे पुढच्या खोलीत, खुर्चीत, गडू कधी वर धरून, कधी खाली, चंद्र कुठे उगवतोय का बघत. मी दारात उभी राहिले. या वेळी रागावले नाही, पण काही विचारलंही नाही. त्यांना गारवा हवा होता, की नको होता, की हवा असूनही त्या पोरीसाठी ते उन्हात बसत होते, की माझी गंमत करायला. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कदाचित ‘बरं’ म्हणाले असते. मी चहा ठेवायला गेले.

पुढच्या संक्रांतीच्या आत हे गेले. छातीचंच निमित्त. उन्हाळ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. त्यांचं खरं असेल. पण तो त्यांचा शेवटचा उन्हाळा होता आणि त्यातला महिनाभर मी त्यांची खिडकी नीळ घातलेल्या पाण्याला दिली, हे डॉक्टरांच्या कागदात येत नाही.

त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा मी खाली गेले आणि म्हटलं, ‘चंद्राचं एक चित्र मला देशील?’ तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘अहो काकू, वह्याकागद सगळे खोक्यात बांधले की हो.’ मुलगी म्हणाली, ‘आपने ही तो घर ले जाने को कहा था.’ टोमणा नव्हता तो. तिने नुसतं खरं ते सांगितलं, नेहमीसारखं.

माझ्याकडे दोरीवरची चित्रं आहेत. सगळी बरोबर. बाण बरोबर, सूर्य हसतोय. एकातही चंद्र नाही.

आता मुलाने घरात एसी लावून दिलाय. पश्चिमेच्या खिडकीला त्याने ऊन येऊ नये म्हणून आतून चमकीचा कागद चिकटवला होता. या उन्हाळ्यात मी त्याचा एक कोपरा उचकटला. मुलगा फोनवर म्हणाला, ‘आई, उष्णता येते ना आत.’ मी म्हटलं, ‘येऊ दे, ओळखीची आहे.’ झिपची पिशवी घेतली, नीळ टाकली, रेघ मारली. सूर्याला या वेळी नाक-डोळे काढले नाहीत. काळी टेप त्यांच्याच खोक्यातली, अजून चिकटते.

दुपारी वेताच्या खुर्चीत बसून, माठातलं पाणी गडूत भरून, तो पिशवीला लावून धरला. थेंब येतात. धावत येतात. पण गोल होत नाही. माझा हात थरथरतो, गडू जरा इकडे, जरा तिकडे होतो, आणि चंद्र लांबट येतो, काठ पुसलेला, भोपळ्याच्या फोडीसारखा. रोज करून बघते, काही जमत नाही. गोल यायला हात अगदी स्थिर लागतो, आणि बराच वेळ.